"कुल सना विंती तय्यिबा" आलं की उत्तर काय द्यायचं?

कोरा_कागद

आमची टीम पाच देशांत विखुरलेली आहे. त्यातला एक सहकारी कैरोचा, दोघे अम्मानचे, एक कुवेतचा. सण आला की चॅटवर अरबी शुभेच्छा येतात आणि माझी बोटं कीबोर्डवर थबकतात. आजवर मी अंगठा दाखवून वेळ मारून नेली. यंदा तसं केलं नाही आणि फजिती झाली.

कैरोवाल्याचा मेसेज आला तो असा, जसाच्या तसा:

`kol sana w enti tayeba`

मला वाटलं, अरबी आहे म्हणजे ईदच असणार. ताबडतोब लिहिलं, "ईद मुबारक टू यू अँड युअर फॅमिली!" त्यानं हसरा चेहरा पाठवला आणि "थँक यू, बट नॉट येट" असं लिहिलं. त्या दिवशी १ जानेवारी होती हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तर प्रश्न दोन. हे वाक्य नेमकं काय आहे? आणि असं काही आलं की आपण मराठीत किंवा इंग्रजीत काय लिहावं म्हणजे ते तुटकही वाटणार नाही आणि भलतंही होणार नाही?

झटपट_उत्तर

सोपं आहे. अरबी शुभेच्छा आल्या की "अल्लाहु अक्रम" लिहायचं. मी चार वर्षं तेच लिहितोय, कुणी काही म्हटलेलं नाही. नाहीतर "खैर मुबारक". दोन्ही चालतात.

वाळवंटी

झटपट, कुणी काही म्हटलं नाही, कारण ती माणसं सभ्य आहेत.

"अल्लाहु अक्रम" हे उत्तर आहे, पण एकाच प्रश्नाचं. समोरचा "रमदान करीम" म्हणाला तरच. करीम म्हणजे उदार. तो म्हणतो, रमजान उदार आहे. तुम्ही म्हणता, अल्ला त्याहून उदार. शब्दावर शब्द चढवलाय. आता हेच नव्या वर्षाच्या शुभेच्छांना लिहिलं तर असं होतं, की कुणी "वाढदिवसाच्या शुभेच्छा" म्हटलं आणि आपण "देव त्याहून मोठा आहे" म्हणालो. चूक नाही, पण समोरचा क्षणभर थांबतो.

"खैर मुबारक" तर अरबांना माहीतच नसतं. ते आपल्याकडचं, उर्दूच्या वळणाचं उत्तर. शब्द दोन्ही अरबीच, पण जोडी इकडची. तिकडे "ईद मुबारक"ला "अल्लाह यबारिक फीक" म्हणतात.

आता कोरा_कागद, तुमच्या मेसेजकडे येतो, कारण गंमत तिथे आहे.

"कुल सना विंती तय्यिबा" म्हणजे शब्दशः "दर वर्षी आणि तू बरी". भावार्थ, दर वर्षी अशीच सुखरूप राहा. हे इजिप्तचं वळण आहे. यात ईद नाही, रमजान नाही, नाताळ नाही, वाढदिवस नाही. कुठल्याच सणाचं नाव नाही. म्हणून ते सगळ्याला चालतं. दोन्ही ईदना म्हणतात, रमजान सुरू होताना म्हणतात, १ जानेवारीला म्हणतात, वाढदिवसाला म्हणतात. कैरोत मुसलमान शेजारी ख्रिस्ती शेजाऱ्याला नाताळाला हेच म्हणतो आणि ख्रिस्ती त्याला ईदला हेच म्हणतो.

मग उत्तर कसं द्यायचं? वाक्याची शेपटी परत करायची. तो म्हणाला "दर वर्षी, आणि तू बरी", तुम्ही म्हणायचं "आणि तूही बरा". म्हणजे "विंता तय्यिब". झालं. सण कुठला हे तुम्हाला माहीत असायचीही गरज नाही.

कोरा_कागद

विंती आणि विंता? माझ्या मेसेजात `enti` होतं. मी आधी ती टायपिंगची चूक समजले.

वाळवंटी

चूक नव्हे, तुम्ही बाई आहात म्हणून. पुरुषाला इंता, बाईला इंती. त्याला उत्तर देताना दोन ठिकाणी बदल करावा लागतो: इंतीचं इंता, आणि तय्यिबाचं तय्यिब. लोक एकच बदलतात आणि दुसरं तसंच राहतं. किंवा मेसेजच कॉपी करून परत पाठवतात. मग दाढीवाल्या इंजिनिअरला "तूही बरी" असं जातं. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्यावर कुणी हसतही नाही.

जॉर्डनवाले बहुतेक दुसरं वाक्य लिहितील, "कुल आम व अंतुम बिखैर". आम म्हणजे वर्ष, आंब्याशी संबंध नाही. अर्थ तोच. उत्तर "व अंता बिखैर", बाईला "व अंती बिखैर". इथे एक सोय आहे, बिखैर हा शब्द बदलत नाही, त्यामुळे चूक व्हायला जागा अर्धीच उरते. अरबी लिहायचंच असेल तर हे वाक्य पाठ करा. हे अरबी बोलणाऱ्या कुठल्याही देशात कळतं.

आणि अंतुम म्हणजे "तुम्ही". गटाला लिहिताना अनेकवचन म्हणून वापरतात, पण एकट्या मोठ्या माणसालाही आदरार्थी लिहितात. हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही, आपल्याकडेही "तुम्ही" तसंच चालतं. इजिप्तमध्ये साहेबाला लिहायचं तर "कुल सना व हद्रितक तय्यिब". हद्रितक म्हणजे आपण, अहो-जाहो. साहेबाला थेट "विंता" म्हटलं तर अरे-तुरे केल्यासारखं वाटू शकतं.

नवखा_९

छान माहिती. मला दिवाळीच्या शुभेच्छा अरबीत कशा लिहायच्या ते हवं होतं. ऑफिसच्या मेलसाठी. कृपया अरबी लिपीत द्या.

खडूस_संपादक

नवखा, धागा उत्तर देण्याचा आहे, शुभेच्छा देण्याचा नाही. पण तुझ्या प्रश्नातून एक बाजू निघते, ती विचारतो. दिवाळीला अरब सहकारी आपल्याला "कुल आम व अंतुम बिखैर" म्हणाला, तर "व अंता बिखैर" चालेल का? दिवाळी त्याची नाही.

वाळवंटी

चालेल. त्यानं दिवाळीचं नाव घेतलेलंच नाही, वर्षाचं घेतलंय. वर्ष त्याचंही आहे.

अडचण येते ती सणाचं नाव आलं की. तो "हॅपी दिवाळी" म्हणाला आणि तुम्ही सवयीनं "सेम टू यू" म्हणालात, तर त्याच्या पदरात दिवाळी पडली. तो मनावर घेणार नाही, पण वाक्य पोकळ होतं. तिथे "धन्यवाद, लक्षात ठेवलंत याचा आनंद झाला" हे पुरेसं आणि खरं आहे. उलट दिशेनं मात्र हा प्रश्न येत नाही. ईद त्याची आहे, त्यानं तुम्हाला ईद मुबारक म्हटलं तर तुम्ही त्याला ईद मुबारक म्हणायला काहीच हरकत नाही. सण ज्याचा, शुभेच्छा त्याच्याकडे पोहोचल्या म्हणजे झालं.

सागरवेळ

मी मराठी बोलणारी मुसलमान आहे, घरात मराठीच. तेव्हा माझ्या बाजूनं थोडं.

मी ऑफिसच्या ग्रुपवर "ईद मुबारक" लिहिते तेव्हा मला कुणाकडून अरबी नको असतं. "तुम्हालाही ईदच्या शुभेच्छा" किंवा "ईद मुबारक, घरी सगळ्यांना सांगा" एवढं आलं की बास. कुणीतरी नेटवर शोधून लांबलचक अरबी वाक्य चिकटवतो, तेव्हा मला ते लावून वाचावं लागतं. अरबी माझीही मातृभाषा नाही हे लोक विसरतात.

दुसरं. ईदच्या दिवशी आमच्यात "तकब्बल अल्लाहु मिन्ना व मिन्कुम" असं म्हणतात. अर्थ, अल्लानं आमच्याकडून आणि तुमच्याकडून कबूल करावं. काय कबूल करावं, तर रोजे, नमाज, जे काही महिनाभर केलं ते. यंदा घाईत मी ते सगळ्यांच्या ग्रुपवर टाकलं. एकानं प्रामाणिकपणे लिहिलं, "सेम टू यू". मला हसू आलं, राग नाही. त्या बिचाऱ्यानं एकही रोजा ठेवला नव्हता.

कोरा_कागद

मग तिथे काय लिहायला हवं होतं? मी त्याच्या जागी असते तर बहुतेक तेच लिहिलं असतं.

सागरवेळ

"तुमचे रोजे कबूल होवोत, ईद मुबारक." हे वाक्य माझ्या एका मराठी मैत्रिणीनं मला एकदा लिहिलं होतं आणि ते माझ्या मनात राहिलं. तिनं स्वतःला त्यात घुसवलं नाही आणि बाहेरही ठेवलं नाही. इंग्रजीत लिहायचं तर "थँक यू, ईद मुबारक टू यू अँड युअर फॅमिली". अगदी साधं.

वाळवंटी

हे बरोबर आहे. "तकब्बल" आलं तर ते परत फिरवू नये, कारण त्यातलं "मिन्कुम" तुमच्या उपासनेबद्दल आहे. बाकी जवळजवळ सगळं परत फिरवता येतं.

हा फरक ओळखायला एक खूण सांगतो. अरबी शुभेच्छांची उत्तरं दोन पद्धतींनी बनतात. एक म्हणजे शेपटी परत करणे: "व अंतुम बिखैर"ला "व अंता बिखैर". दुसरी म्हणजे त्याच धातूचा दुसरा शब्द उचलणे: करीमला अक्रम, मुबारकला यबारिक. मुबारक, यबारिक आणि आपली बरकत, तिन्ही एकाच मुळातून आलेले आहेत. त्यामुळे समोरच्याच्या वाक्यातला वजनदार शब्द कुठला हे ऐकलं की उत्तर अर्धं हातात येतं. म्हणूनच झटपट यांचं "एकच उत्तर सगळीकडे" चालत नाही. किल्ली कुलपाची असावी लागते.

आखातातल्या कुवेतवाल्याकडून आणखी एक येईल: "असाकुम मिन उव्वादह". म्हणजे हा सण ज्यांच्याकडे पुन्हा पुन्हा येतो अशांपैकी तुम्ही असा. मला हे वाक्य फार आवडतं. "व इय्याकुम", म्हणजे "आणि तुम्हीही", एवढं लिहिलं की झालं.

झटपट_उत्तर

बरं, अक्रम मागे घेतो. पण "अल्लाह यबारिक फीक" मात्र मला माहीत होतं. बाईला काय?

वाळवंटी

फीकी. गटाला फीकुम.

झटपट_उत्तर

म्हणजे एचआरच्या बाईंना "फीकी" लिहायचं? त्या जवळ बसतात. वाचल्या तर चहाबद्दल तक्रार आहे असं समजतील.

खडूस_संपादक

:) एवढ्यासाठीच म्हणतो, येत नसेल तर मराठीत लिहा नाहीतर इंग्रजीत. मला या सगळ्यात एक गोष्ट खटकते. मी देव मानत नाही. "अल्ला तुझ्यावर कृपा करो" असं मी का लिहावं? मी मराठीतही "देव तुमचं भलं करो" लिहीत नाही.

वाळवंटी

तिथे माझं आणि तुमचं जमणार नाही. अरबीत अल्ला हा शब्द अरब ख्रिस्तीही वापरतात, त्यांच्या प्रार्थनेतही तोच आहे. आणि रोजच्या बोलण्यात तो इतका झिजलेला आहे की "यबारिक फीक" ऐकणाऱ्याला "धन्यवाद" असंच ऐकू येतं. आपण "अरे देवा" म्हणतो तेव्हा कोण श्रद्धा तपासतो?

खडूस_संपादक

"अरे देवा" माझ्या तोंडून निघतं, ते मी दुसऱ्याला उद्देशून लिहीत नाही. फरक आहे. मी "शुक्रन, ईद मुबारक" लिहितो आणि माझी झोप शाबूत राहते.

सागरवेळ

शुक्रन, ईद मुबारक यात काहीच कमी नाही, संपादक. उगाच भांडू नका.

दुर्बीण

माझी गोष्ट वेगळी आहे, पण सांगतो, कारण ती शुभेच्छांच्या वेषात आली होती.

टीममध्ये एक बहरीनचे गृहस्थ होते. मोहरमच्या दिवसांत ग्रुपवर त्यांच्या गावच्याच दुसऱ्या सहकाऱ्यानं लिहिलं, "अज्झम अल्लाहु उजूरकुम". आधीच्या आठवड्यात कुणीतरी हिजरी नवं वर्ष सुरू झाल्याचं लिहिलं होतं. मी दोन आणि दोन पाच केले. अझीम म्हणजे महान, तेव्हा काहीतरी भव्य शुभेच्छा असणार. मी लिहिलं, "सेम टू यू, हॅपी न्यू इयर!" वर फुगे.

एक तास ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही. मग एकानं खासगीत कळवलं की ते सांत्वनाचं वाक्य आहे. कुणी गेलं तरी तेच म्हणतात. मी फुगे काढले, पण ज्यांनी पाहायचे त्यांनी पाहिले होते.

वाळवंटी

अरेरे. हो, अर्थ असा की तुमच्या दुःखाचं फळ अल्ला मोठं करो. मोहरमच्या दहाव्या दिवशी, आशुराला, करबलात इमाम हुसेन मारले गेले, इसवी सन ६८० मध्ये. शिया लोकांसाठी मोहरमचे ते दिवस शोकाचे. आणि मोहरम हाच हिजरी वर्षाचा पहिला महिना, त्यामुळे नवं वर्ष आणि शोक एकाच आठवड्यात येतात. इराक, बहरीन, लेबनॉनमधले सहकारी असतील तर "नवं हिजरी वर्ष मुबारक" आपणहून न लिहिलेलं बरं. समोरचा काय लिहितो ते पाहायचं आणि त्या सुरात बोलायचं.

दुर्बीण

मी पुढच्या वर्षी मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिलं, "तुमच्या दुःखाच्या दिवसांत तुमच्या सोबत आहोत". त्यांनी हात जोडलेले परत पाठवले. फुग्यांचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही.

कोरा_कागद

आता माझी खरी अडचण सांगते. १ जानेवारीचा घोळ मी "विंता तय्यिब" लिहून निस्तरला. तो खूश झाला, "यू आर लर्निंग" म्हणाला. पण ७ जानेवारीला कॅलेंडरवर त्याची सुट्टी दिसली आणि खाली लिहिलं होतं, ख्रिसमस. म्हणजे तो ख्रिस्ती आहे. आणि मी त्याला १ जानेवारीला ईद मुबारक म्हटलं होतं! त्यानं "नॉट येट" म्हटलं, "मी मुसलमान नाही" असं नाही म्हटलं.

वाळवंटी

कॉप्टिक असेल. त्यांचा नाताळ ७ जानेवारीलाच असतो. आणि "नॉट येट" हे त्याचं सौजन्य. इजिप्तमधल्या ख्रिस्ती माणसाला अरबी आलं की मुसलमानच, हा समज आयुष्यभर ऐकायची सवय असते. तुम्ही त्या दिवशी काय लिहिलंत?

कोरा_कागद

काहीच नाही. घाबरून. आता एक आठवडा उलटला.

सागरवेळ

आता लिहा की. "उशीर झाला, पण तुम्हाला आणि घरच्यांना नाताळाच्या शुभेच्छा." उशिरा आलेल्या शुभेच्छांवर कुणी रागावत नाही. मला बकरी ईदच्या शुभेच्छा मोहरममध्ये आलेल्या आहेत.

वाळवंटी

आणि अरबीत हवंच असेल तर तुमच्याकडे वाक्य आहे. त्यानं १ तारखेला दिलं तेच, पुरुषी रूपात, पहिल्या अर्ध्यासकट: "कुल सना विंता तय्यिब". आता सुरुवात तुमची आहे, म्हणून पूर्ण वाक्य लिहायचं, शेपटी तो देईल. "ईद मीलाद मजीद" असंही म्हणतात, तेजस्वी जन्मोत्सव. ईद म्हणजे मुळात सणच, कुणाचाही. तेव्हा तुमचं "ईद" अगदीच चुकलं नव्हतं म्हणायला हरकत नाही, फक्त तारीख आणि धर्म सोडून.

झटपट_उत्तर

म्हणजे वाढदिवसालाही ईद?

वाळवंटी

हो. ईद मीलाद. येशूचा असो की तुमचा. तुम्हाला वाढदिवसाला "ईद मीलाद सईद" आलं तर मुसलमानांचा सण समजू नका.

कोरा_कागद

लिहिलं. इंग्रजीत दोन ओळी, खाली अरबी रोमन लिपीत: `kol sana w enta tayeb`. चार वेळा तपासलं, `enta` आहे, शेवटी `a` नाही.

उत्तर आलं, `w enti tayeba`. मग थोड्या वेळानं, "हाऊ डू यू से दिस इन युअर लँग्वेज?"

आता मी अडकले. "दर वर्षी तुम्ही बरे असा" असं कुणी मराठीत म्हणतं का?

खडूस_संपादक

नाही म्हणत. "वर्षानुवर्षं सुखात राहा" म्हणतात. पण ते आशीर्वाद वाटतं, बरोबरीच्या माणसाला जरा मोठेपणा घेतल्यासारखं होतं.

सागरवेळ

"हे वर्ष सुखाचं जावो" लिही. तेच मी सगळ्यांना लिहिते.

खडूस_संपादक

ते एका वर्षापुरतं झालं. त्याच्या वाक्यात दर वर्ष आहे.

वाळवंटी

माझ्या एका सुदानी सहकाऱ्यानं मला हेच विचारलं होतं. मी "सुखी राहा" सांगितलं. पुढची सहा वर्षं तो प्रत्येक ईदला मला "सुखी राहा" म्हणत होता, ते "सुकी राहा" व्हायचं. मी कधी सुधारलं नाही.

कोरा_कागद

"सुखी राहा" पाठवते. सोबत सांगते की बाईला आणि पुरुषाला एकच, काही बदलत नाही. त्याला नवल वाटेल.